जन्मतारखेला वेळ चिकटवू नका

एखाद्या पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या संगणकातली यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतली आणि जन्मतारखेच्या रकान्यात `1987-08-13 18:30:00` असं काही दिसलं, तर ती व्यक्ती बहुधा १३ ऑगस्टची नाही, १४ ऑगस्टची आहे. आणखी खाली गेलात तर प्रत्येक नावापुढे तेच `18:30:00` दिसेल. सगळे सभासद संध्याकाळी साडेसहाला जन्मलेले असणं शक्य नाही. ही वेळ कुणाच्याच जन्माची नाही. भारतात मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा जागतिक प्रमाणवेळेच्या घड्याळात आदल्या दिवशीचे साडेसहा वाजलेले असतात, कारण आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. फॉर्म भरणाऱ्याने फक्त तारीख सांगितली होती. संगणकाने तिला न मागितलेली मध्यरात्र जोडली, मग तो क्षण जागतिक वेळेत बदलून ठेवला, आणि त्या बदलात दिवस मागे गेला.

ही चूक जगभर रोज होते आणि तिचं मूळ एकच आहे. संगणकाला 'केव्हा' या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं ठेवता येतात. एक म्हणजे क्षण. बँकेतून पैसे गेले, फोन लागला, विमान सुटलं, हे सगळे क्षण आहेत. पुण्यात रात्रीचे दहा वाजलेले असताना न्यू जर्सीत दुपार असते, पण क्षण तोच असतो. म्हणून तो जागतिक वेळेत ठेवावा आणि बघणाऱ्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवावा, हे अगदी योग्य आहे. दुसरं उत्तर म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस. २६ जानेवारी हा दिवस आहे. जन्मतारीखही तशीच आहे. तिचं रूपांतर करायचं नसतं, कारण तिच्यात रूपांतर करण्यासारखं काही नसतंच. वर्ष, महिना, दिवस एवढे तीन आकडे, आणि ते कुठेही वाचले तरी तेच राहायला हवेत.

'पण जन्म तर एका विशिष्ट क्षणीच होतो ना?' हा प्रश्न रास्त आहे. जन्म क्षणीच होतो, पण जन्मतारीख म्हणजे तो क्षण नव्हे. जिथे जन्म झाला त्या गावच्या नोंदवहीत जो दिवस लिहिला गेला, तो दिवस म्हणजे जन्मतारीख. समजा, न्यू जर्सीत १३ ऑगस्टला रात्री नऊ वाजता बाळ झालं. साताऱ्यात आजीला फोन आला तेव्हा तिच्याकडे १४ ऑगस्टची सकाळ होती, साडेसहा वाजले होते. आजी कॅलेंडरवर १४ तारखेला खूण करील. पण बाळाच्या दाखल्यावर १३ आहे, आणि ते मूल पुढे साताऱ्यात राहायला आलं तरी त्याचा वाढदिवस १३ लाच. माणूस देश बदलतो, जन्मतारीख बदलत नाही.

आपला कायदाही याच बाजूचा आहे. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याप्रमाणे वय मोजताना जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरतात, आणि अठरावा वाढदिवस सुरू होताक्षणी माणूस सज्ञान होतो. पहाटे एकला जन्मलेली मुलगी आणि त्याच दिवशी रात्री अकराला जन्मलेला मुलगा कायद्यापुढे एकाच घटकेला सज्ञान होतात. तास-मिनिटांना तिथे काडीचंही महत्त्व नाही. पासपोर्टच्या पहिल्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांतही जन्मतारखेला सहाच जागा आहेत: वर्षाचे दोन अंक, महिन्याचे दोन, दिवसाचे दोन. १४ ऑगस्ट १९८७ म्हणजे `870814`, आणि त्यामागे एक पडताळणीचा अंक. तासाला जागाच ठेवलेली नाही.

आता तारीख नेमकी कुठे निसटते ते पायरीपायरीने पाहू. पुण्यातली एक बाई वेबसाइटवर फॉर्म भरते आहे. पडद्यावर छोटं कॅलेंडर उघडतं, ती १४ ऑगस्ट १९८७ वर बोट ठेवते. वेबसाइटची भाषा बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट असते, आणि तिच्यात वर्षानुवर्षं `Date` नावाचा एकच प्रकार वापरात आहे. नाव तारखेचं असलं तरी आत तो क्षणच ठेवतो. म्हणून कॅलेंडर बनवणारा प्रोग्राम त्या तारखेला पुण्यातली मध्यरात्र जोडतो. मग ही माहिती सर्व्हरकडे पाठवताना तिचा मजकूर बनतो, तो असा:

```js
const d = new Date(1987, 7, 14); // महिने 0 पासून मोजतात, 7 म्हणजे ऑगस्ट
d.toISOString();
// "1987-08-13T18:30:00.000Z"
```

शेवटचा `Z` म्हणजे ही जागतिक वेळ आहे. इथपर्यंत माहिती हरवलेली नाही. हा क्षण पुण्याच्या घड्याळात परत आणला तर १४ ऑगस्टची मध्यरात्रच मिळते. पण पलीकडे सर्व्हरवर कुणीतरी विचार करतो की आपल्याला फक्त तारीख हवी आहे, आणि मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून घेतो. उरतं `1987-08-13`. आता चूक पक्की झाली. पुढे हा दिवस कुणी कुठल्याही देशातून पाहिला तरी तो चुकीचाच दिसणार.

यापेक्षा वाईट म्हणजे चूक एकदाच होऊन थांबत नाही. सहा महिन्यांनी त्या बाईचा पत्ता बदलतो. कार्यालयातला कारकून तिची नोंद उघडतो, पत्ता नवा टाकतो आणि 'सेव्ह' दाबतो. जन्मतारखेला त्याने हातही लावलेला नाही. पण पडद्यावर १३ ऑगस्ट आली, तिला पुन्हा मध्यरात्र जोडली गेली, ती पुन्हा साडेपाच तास मागे गेली, आणि नोंदीत १२ ऑगस्ट बसली. पुढच्या वर्षी फोन नंबर बदलला की ११. जितक्या वेळा नोंद उघडून जतन कराल, तितके दिवस ती मागे सरकते. पत्ता बदलायला आलेल्या माणसाची जन्मतारीख बदलली आहे हे त्याला कळायला कधी कधी वर्षं लागतात.

मग हे प्रोग्राम तपासून बघणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही? कारण ही चूक अर्ध्या जगात दिसतच नाही. हाच कोड न्यूयॉर्कमध्ये चालवला तर तिथली ऑगस्टमधली मध्यरात्र जागतिक वेळेत त्याच दिवशीचे पहाटेचे चार होते. पहिली दहा अक्षरं कापली तरी १४ तारीखच मिळते. ग्रीनिचच्या पश्चिमेला बसलेल्या अभियंत्याच्या टेबलावर सगळं बिनचूक चालतं, आणि तोच माल भारतात आला की घसरतो. याच चुकीचं उलटं भावंडही आहे. जावास्क्रिप्टला नुसतं `new Date("1987-08-14")` असं लिहून दिलं, तर ती भाषा त्याचा अर्थ जागतिक वेळेची मध्यरात्र असा घेते. पुण्यात हा क्षण १४ ऑगस्टच्या पहाटे साडेपाचला येतो, म्हणून तारीख बरोबर दिसते. न्यूयॉर्कमध्ये मात्र तेव्हा १३ ऑगस्टचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. म्हणजे भारतात तपासून पाठवलेला प्रोग्राम तिकडे एक दिवस मागचा वाढदिवस दाखवतो. पहिली चूक अमेरिकेत लपते आणि इथे उघडी पडते, दुसरी इथे लपते आणि तिकडे उघडी पडते. पुण्या-हैदराबादच्या कंपन्या अमेरिकेसाठी काम करतात, अमेरिकेत लिहिलेल्या लायब्रऱ्या आपण वापरतो, त्यामुळे दोन्ही चुका ये-जा करत राहतात.

एका दिवसाने काय बिघडतं, असं वाटेल. पॅन आणि आधार जोडताना दोन्हीकडची जन्मतारीख जुळावी लागते, आणि एका दिवसाचा फरकही फरकच असतो. पासपोर्टच्या त्या ओळीत `870814` चा पडताळणी अंक ० येतो, `870813` चा ९. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. केंद्र सरकारी नोकरीतला नियम घ्या. कर्मचारी ज्या महिन्यात साठ वर्षांचा होतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. २ जून १९८७ चा जन्म असेल तर निवृत्ती ३० जून २०४७ ला. तीच तारीख घसरून १ जून झाली, तर ३१ मे २०४७ ला. कुणाच्याही नजरेत न भरणाऱ्या एका दिवसात महिन्याचा पगार जातो. उलट १ जूनची ३१ मे झाली तर निवृत्तीच्या तारखेत काहीच फरक पडत नाही. अशा वेळी चूक आणखी खोल दडून बसते.

या साऱ्याहून चकवणारा प्रकार आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत घडतो, आणि त्याची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे हे खरं, पण ती कायमच तेवढी नव्हती. युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपण साडेसहा तास पुढे होतो. जगातल्या बहुतेक संगणकांत प्रत्येक प्रदेशाच्या घड्याळाचा इतिहास सांगणारी एक सामायिक यादी असते. तिच्यात आपला प्रदेश `Asia/Kolkata` या नावाने आहे, आणि युद्धातला तो जादा तासही तिच्यात नोंदलेला आहे.

आता १० जून १९४३ ला जन्मलेल्या आजोबांची नोंद करू. आधुनिक ब्राउझर ही यादी वाचतो, त्या दिवशीची मध्यरात्र साडेसहा तास मागे नेतो आणि `1943-06-09T17:30:00.000Z` असं पाठवतो. सर्व्हरवरच्या अभियंत्याने पहिली चूक टाळली आहे. त्याला ठाऊक आहे की दहा अक्षरं कापायची नाहीत, आधी भारतीय वेळेत आणायचं. म्हणून तो साडेपाच तास मिळवतो. १७:३० मध्ये साडेपाच तास मिळवले की २३:०० होतात, आणि दिवस ९ जूनच राहतो. त्याने आपल्या परीने सगळं नीट केलं होतं. १९८७ च्या बाईंची तारीख त्याच्या हातून बरोबर येते, १९५० च्या काकांचीही येते. फक्त युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे असताना जन्मलेल्यांची चुकते. आज ही माणसं ऐंशीच्या पुढे आहेत, पेन्शनवर आहेत, आणि बँकेच्या खिडकीवर आपलीच जन्मतारीख पटवून देण्याइतकी ताकद सगळ्यांत उरलेली नाही. त्यांच्या बाबतीत ही चूक मला अक्षम्य वाटते, कारण ती टाळायला एक पैसाही खर्च येत नव्हता.

त्याच यादीचा आणखी एक परिणाम आहे. १ सप्टेंबर १९४२ ला घड्याळ रात्री बाराला थेट एकवर गेलं. म्हणजे यादीनुसार त्या दिवशी भारतात मध्यरात्रीचे बारा वाजलेच नाहीत. ब्राझीलमध्ये उन्हाळी वेळ अनेक वर्षं अशीच मध्यरात्री सुरू होत असे, आणि तिथल्या त्या दिवशी जन्मलेल्यांची नोंद करताना काही प्रोग्राम 'असा क्षण अस्तित्वात नाही' म्हणून सरळ अडून बसत. माणसाची जन्मतारीख संगणकाने नाकारायची, आणि तीसुद्धा कुणी न मागितलेल्या मध्यरात्रीपायी!

आपल्या संस्थेच्या नोंदी घसरल्या आहेत का, हे कसं ओळखावं? रकान्यात वेळ शिल्लक असेल तर काम सोपं आहे. सगळीकडे `18:30:00` असेल तर ती भारताची खूण. मधूनच `17:30:00` दिसलं तर ती युद्धकाळातल्या जन्मांची. `04:00:00` आणि `05:00:00` मिसळून असतील तर माहिती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भरली गेली, एक आकडा उन्हाळ्याचा, दुसरा हिवाळ्याचा. वेळ कापून टाकलेली असेल तर थोडं शोधावं लागतं. महाराष्ट्रात जुन्या पिढीच्या असंख्य लोकांची 'शाळेची तारीख' १ जून आहे, कारण नाव घालताना नेमकी तारीख कुणालाच सांगता येईना आणि गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहिली. फक्त वर्ष माहीत असलेल्यांच्या नावापुढे तशीच १ जानेवारी पडते. त्यामुळे आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या यादीत या दोन तारखांना गर्दी असायला हवी. ती गर्दी ३१ मे आणि ३१ डिसेंबरला जमलेली दिसली, तर अख्खी यादी एक दिवस सरकली आहे असं समजायला हरकत नाही.

दुरुस्तीचं यश वेळ शिल्लक आहे की नाही यावर ठरतं. असेल, तर मूळ तारीख परत मिळते. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये क्षण म्हणून ठेवलेली जन्मतारीख अशी सोडवता येते:

```sql
SELECT (dob AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date FROM sabhasad;
```

इथे साडेपाच तास हाताने मिळवलेले नाहीत, प्रदेशाचं नाव दिलं आहे. त्यामुळे युद्धकाळातला जादा तास आपोआप धरला जातो. नोंदवणाऱ्याने तो विसरून `18:30` ठेवलं असेल तरी १९४३ मध्ये ते मध्यरात्रीनंतरचा एक म्हणून उलगडतं, आणि दिवस बरोबरच येतो. मात्र वेळ कापली गेली असेल आणि नोंदी पुन्हा पुन्हा जतन झाल्या असतील, तर कुणाची तारीख एक दिवस सरकली आणि कुणाची तीन, हे कुठल्याही सूत्राने कळत नाही. सगळ्यांना सरसकट एक दिवस मिळवून देण्याचा मोह टाळावा, त्याने ज्यांच्या तारखा बरोबर होत्या त्याही बिघडतात. तिथे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला काढून एकेक नोंद पडताळणं हाच मार्ग.

मुळात हे टाळायचं तर जन्मतारीख सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती तारीख म्हणून न्यावी. फॉर्ममधला साधा `<input type="date">` हा रकाना `1987-08-14` एवढाच मजकूर देतो, तो तसाच पुढे पाठवावा, मधे कुठेही `Date` बनवू नये. डेटाबेसमध्ये रकान्याचा प्रकार `DATE` असावा. जावामध्ये `LocalDate`, पायथनमध्ये `date`, डॉटनेटमध्ये `DateOnly` हे याचसाठी बनवलेले प्रकार आहेत, आणि जावास्क्रिप्टसाठीही `Temporal.PlainDate` आला आहे. दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. ओरॅकल डेटाबेसमधला `DATE` नावाने तारीख असला तरी त्याच्या पोटात तास, मिनिटं, सेकंद असतातच, तिथे जपून राहावं लागतं. आणि मायएसक्यूएलमधला `TIMESTAMP` १९७० च्या आधीचं काही ठेवूच शकत नाही, त्यामुळे तो निवडला तर त्याआधी जन्मलेल्यांना तिथे जागाच मिळत नाही.

काही जण मधला मार्ग म्हणून जन्मतारखेला जागतिक वेळेतले दुपारचे बारा जोडतात. दोन्ही बाजूंना बारा तासांची मोकळीक राहील, मग दिवस कशाला हलेल, असा हिशेब. पुणे, लंडन, न्यूयॉर्क, सगळीकडे तो जमतो. पण न्यूझीलंड बारा तास पुढे आहे, तिथल्या उन्हाळ्यात तर तेरा. ऑकलंडच्या घड्याळात हे दुपारचे बारा म्हणजे दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र, म्हणजे तिथल्या मराठी कुटुंबाला वाढदिवस एक दिवस पुढचा दिसणार. ज्या माहितीत वेळ नाही तिच्यात सोयीची वेळ घातली तरी कुणाची तरी गैरसोय ठरलेलीच असते.

राहिला पत्रिकेचा प्रश्न. पत्रिका मांडायला जन्मवेळ लागते, नवजात बाळाच्या रुग्णालयातल्या कागदावरही ती हवीच. ती ठेवावी, पण वेगळ्या रकान्यात, स्थानिक घड्याळातली, शेजारी जन्मगावाच्या नावासकट. आरोग्यनोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एफएचआयआर या मानकात हेच केलं आहे: रुग्णाची जन्मतारीख नुसती तारीख असते, आणि जन्मवेळ माहीत असेल तर ती पुरवणी म्हणून जोडता येते. त्या मानकात फक्त वर्ष, किंवा वर्ष आणि महिना लिहिण्याचीही मुभा आहे. ज्या आजीला आपलं जन्मवर्षच तेवढं ठाऊक आहे, तिच्या नावापुढे `1943` एवढंच लिहिता येतं, १ जानेवारी चिकटवावी लागत नाही.